पहिल्या जुन्या गाडीच्या फोटोखाली काय लिहावे? आजीचा आशीर्वाद आणि नातवंडांची गडबड एकाच मजकुरात आणण्याची रीत

ठाण्याला वर्तकनगरात राहणाऱ्या माझ्या मामेबहिणीच्या घरी गेल्या अक्षय्य तृतीयेला पहिली चारचाकी आली. नेरुळच्या एका कुटुंबाने सात वर्षे वापरलेली ती पांढरी वॅगन-आर होती आणि तिचा नंबर एमएच ४३ चा, म्हणजे नवी मुंबईचा होता. तोपर्यंत या घराचा सगळा प्रवास एक स्कूटर, टीएमटीची बस, रिक्षा आणि लोकल यांवर चालत असे. संध्याकाळी बहिणीचा फोन आला की फोटो छान आले आहेत, पण खाली काय लिहावे ते सुचत नाही. तिने केलेला मसुदा असा होता : "देवाच्या कृपेने आणि मोठ्यांच्या आशीर्वादाने आज आमच्या स्वप्नांना चाके लागली. मुलांचा आनंद गगनात मावेना. परिवारातील नव्या सदस्याचे स्वागत!"

या मजकुरात खोटे काही नाही, तरीही तो तिच्या घराचा नाही. यात आशीर्वाद मिळाल्याची बातमी आहे, पण आशीर्वाद कोणता ते नाही. मुलांना आनंद झाल्याची बातमी आहे, पण मुले काय म्हणाली ते नाही. शेजारच्या इमारतीतल्या कोणीही हा मजकूर जसाच्या तसा आपल्या गाडीखाली चिकटवला, तर कोणाला शंका येणार नाही. प्रथमच असे काही लिहायला बसणाऱ्यांसाठी आम्ही त्या संध्याकाळी केलेले काम क्रमाने सांगतो.

आधी ऐकावे, मग लिहावे

पहिली पायरी लिहिण्याची नाही. गाडी दारात आल्यापासून पूजा होईपर्यंतच्या तासाभरात घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि मुलांनी काय काय म्हटले, ते आठवून कागदावर किंवा मोबाइलच्या नोंदवहीत उतरवून घ्यावे. शक्य असल्यास त्याच दिवशी उतरवावे, कारण दुसऱ्या दिवशी वाक्ये आठवतात ती गुळगुळीत होऊन. मुलीने "काचा बटणाने खाली जातात!" असे ओरडून सांगितलेले असते आणि आपल्या आठवणीत मात्र "मुले फार खूश होती" एवढेच उरते.

येथे नवख्या माणसाची एक अडचण होते. तो आशीर्वाद शोधू लागतो आणि त्याला तो सापडत नाही, कारण "तुमचा प्रवास सुखाचा होवो" असे वाक्य आपल्याकडे घरात कोणी उच्चारत नाही. ते पत्रिकेत आणि फलकावर असते. घरातला मराठी आशीर्वाद बहुधा सूचनेच्या किंवा काळजीच्या रूपात येतो. "सावकाश चालव." "अंधाराच्या आत या." "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." काळ्या ढगाकडे पाहत आजी "पावसाचं घाटात नको" म्हणते, तोही आशीर्वादच असतो. मुलांच्या आजोबांनी तर चाकाखाली लिंबू ठेवण्यापूर्वी वाकून टायर पाहिला आणि विचारले, "हे कोणत्या सालचे आहेत, बघितलंस का?" टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते; पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला असतो. जुनी गाडी घेताना हे पाहणे शहाणपणाचेच आहे, पण आजोबांच्या तोंडी त्या प्रश्नाचा अर्थ "माझी नातवंडे यात बसणार आहेत" असा होता.

मुलांच्या उत्साहाचेही असेच आहे. "मला फार आनंद झाला" असे सहा वर्षांचे मूल म्हणत नाही. मुलांचा आनंद हक्क सांगण्यात, प्रश्न विचारण्यात आणि एखाद्या बारीकशा वस्तूवर हरखून जाण्यात दिसतो. खिडकीजवळ कोण बसणार यावरचे भांडण, डिकीत शिरून बसण्याचा हट्ट, वायपर पुन्हा पुन्हा चालवून पाहणे, हे सगळे टिपून घेण्यासारखे असते. माझ्या बहिणीने आठवून आठवून सहा वाक्ये जमवली. काचांच्या वाक्याखेरीज त्यांतली दोन मुलांची होती : धाकटीने विचारले होते, "आजी, हिला नेरुळची आठवण येईल का गं?" आणि बारा वर्षांच्या मोठ्याने जाहीर केले होते, "आता मला मळमळलं तर गाडी थांबवता येईल!" हा मुलगा आजोळी जाताना एसटीत दर वेळी खिडकीला डोके टेकून, प्लॅस्टिकची पिशवी हातात धरून बसत आला आहे. गाडी घरची असणे म्हणजे काय, हे त्याच्याइतके नेमके घरात दुसरे कोणी सांगितले नव्हते.

बोलणारा कोण, हे ठरवणे

दुसरी पायरी लहान दिसते, पण मजकूर बिघडतो तो बहुतेक वेळा येथेच. मराठीत नाते सांगितल्याशिवाय वाक्यही नीट चालत नाही. मुलगा लिहीत असेल तर "आईने ओवाळलं" होईल, सून लिहीत असेल तर "आईंनी ओवाळलं" किंवा "सासूबाईंनी ओवाळलं" होईल, आणि नातवंडांच्या बाजूने लिहिले तर "आजीने ओवाळलं" होईल. मसुदा नवऱ्याने करावा, दुरुस्ती बायकोने करावी आणि टाकावा मुलीच्या मोबाइलवरून, असे झाले की एकाच मजकुरात आई, आईसाहेब आणि आजी अशा तीन बायका अवतरतात, आणि दूरचे नातेवाईक गोंधळतात.

म्हणून ज्याच्या खात्यावरून मजकूर जाणार आहे, त्याच्याच नात्याने तो लिहावा, ही साधी रीत आहे. मात्र येथे एक मेख होती. बहीण स्वतःच्या नात्याने लिहू लागली तेव्हा सासूबाईंचे वाक्य "आई :" असे लिहून सुरू झाले, आणि वाचणाऱ्याला ते मुलांच्या आईचे, म्हणजे तिचेच वाटू लागले. "सासूबाई :" लिहावे तर घरात त्या शब्दाने कोणी कधी हाक मारलेली नव्हती. शेवटी आपल्या घराघरांत जे होते तेच आम्ही केले. मुले झाली की मोठी माणसेही नाती मुलांच्या बाजूने सांगू लागतात; सासूबाई सगळ्यांसाठी "आजी" होतात. त्यामुळे पहिले वाक्य बहिणीचे आणि त्यापुढची नावे मुलांच्या बाजूने, असे ठरले. मुलांची खरी नावेही त्यामुळे टळली आणि "धाकटी" व "मोठा" एवढ्यावर काम भागले.

वडीलधाऱ्यांचे वाक्य उतरवताना ते प्रमाण भाषेत सुधारू नये. या आजी मूळच्या सातारा भागातल्या असल्याने त्या "सावकाश जा" म्हणत नाहीत, "सावकाश जावा" म्हणतात. बहिणीने आधी ते "सावकाश जा" करून टाकले होते. एका अक्षराचा फरक आहे, पण त्या एका अक्षरात आजी असते. उलट मुलांच्या वाक्याला मोठ्यांची भर घालू नये. "मला मळमळलं तर" या शब्दांच्या जागी "प्रवासात त्रास झाल्यास" असे लिहिले की बारा वर्षांचा मुलगा एकदम पन्नाशीचा होतो.

जुनी गाडी, आणि ती तशी सांगणे

गाडी वापरलेली आहे हे लिहावे की नाही, यावर घरात थोडी कुजबुज होतेच. "नवी गाडी" असे लिहिण्याचा मोह होतो, आणि विकणारे "प्री-ओन्ड" असा शब्द हाती देतात. माझे मत सरळ आहे : "नवी" लिहू नये. नंबरप्लेटवरच्या मालिकेवरून जाणकाराला गाडीचे वय साधारण कळते, आणि सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये नंबर घातल्यास नोंदणीची तारीखही पाहता येते. एखादा उत्साही काका ते पाहतो आणि "अरे, ही तर जुनी आहे" असे सगळ्यांसमोर लिहितो, तेव्हा मजकुरातले आशीर्वाद आणि उत्साह दोन्ही बाजूला पडतात. "सेकंड हँड" हा शब्द सर्वांना कळणारा आणि प्रामाणिक आहे, पण फोटोखाली तो एकटा पडला की थोडा कोरडा वाटतो. खुलासा केल्यासारखा दिसतो.

यातून वाट बहुधा घरातल्याच एखाद्या वाक्यातून निघते. आमच्याकडे ती आजींनी काढली. धाकटीच्या प्रश्नाला उत्तर देताना त्या म्हणाल्या होत्या, "माहेर नेरुळ, सासर ठाणं. आली आठवण तर जाऊन येऊ की एखाद्या रविवारी." गाडी आधी दुसऱ्या घरची होती हे त्यात आले, ती आता आपली आहे हेही आले, आणि कोणाला काही लपवल्यासारखे वाटण्याचा प्रश्नच उरला नाही. असे वाक्य तुमच्या घरात कोणी म्हटले नसेल, तर "आमच्या घरची पहिली गाडी" एवढे साधे लिहावे. पहिली असणे खरे आहे, आणि पहिली गाडी नवीच असली पाहिजे असे कोणी म्हणत नाही.

आधीच्या मालकांचे नाव मात्र लिहू नये, त्यांनी गाडी कितीही निगुतीने सांभाळलेली असली तरी. त्यांचे आभार फोनवर मानावेत.

दोन आवाज कसे जोडावेत

जमवलेल्या वाक्यांमधून निवड करताना मी एकच कसोटी लावतो : आजीचे वाक्य आणि नातवंडाचे वाक्य एकमेकांना उत्तर देते का? आधी दोन ओळी आशीर्वादाच्या आणि मग दोन ओळी मुलांच्या, अशी वाटणी केली की मजकूर सत्यनारायणाच्या पूजेच्या निमंत्रणासारखा होतो. वर कुलदैवत, खाली बालगोपाळ. दोन्ही आवाज एकमेकांशी बोलू लागले की मधल्या पिढीला काहीच म्हणावे लागत नाही. मुले वेग मागतात आणि आजी तो अडवते, हे बहुतेक घरांत आपोआप घडते, म्हणून एखादे मूल "बाबा, जोरात!" म्हणाले असेल आणि त्याच दमात आजी "सावकाश" म्हणाली असेल, तर मजकूर जवळजवळ तयारच आहे.

जमलेल्या सहा वाक्यांपैकी दोन आम्ही गाळली. आजोबांचे टायरचे वाक्य मला अतिशय आवडले होते, पण घराबाहेरच्या वाचकाला ते विकणाऱ्यावरचा संशय वाटले असते, म्हणून ते घरातच राहिले. काचांचे वाक्य गोड होते, परंतु त्याला उत्तर देणारे दुसरे वाक्य नव्हते. उरलेली चार अशी बसली :

> माहेर नेरुळ, सासर ठाणं. आमची पहिली गाडी आज घरी आली.
> धाकटी : आजी, हिला नेरुळची आठवण येईल का गं?
> आजी : आली तर जाऊन येऊ की एखाद्या रविवारी.
> मोठा : आता मला मळमळलं तर गाडी थांबवता येईल!
> आजी : म्हणून तर म्हणते, सावकाश जावा. आणि निघताना 'येतो' म्हणून निघा.

यात "म्हणून तर म्हणते" हे तीन शब्द आमचे आहेत. आजींनी शेवटचे वाक्य प्रत्यक्षात पूजेच्या वेळी म्हटले होते आणि मोठ्याचे वाक्य त्यानंतरचे होते. दोन खरी वाक्ये जोडण्यासाठी एवढा सांधा चालतो, पण तो जिचे वाक्य आहे तिला विचारून घालावा. "आशीर्वाद" हा शब्द मजकुरात कोठेच नाही, "आनंद" हाही नाही. या दोन शब्दांवाचून दोन्ही गोष्टी कळतात की नाही, हे पाहणे ही मसुदा तपासण्याची चांगली युक्ती आहे. कळत नसतील तर वाक्ये पुन्हा निवडावीत. शब्द वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

शेवटचे वाक्य आजीचे ठेवावे की मुलांचे, यावर आमचे थोडे वाजले. बहिणीला शेवट हसरा हवा होता. माझे म्हणणे असे की घरातून निघताना शेवटचा शब्द दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा असतो, म्हणून तो मजकुरातही तसाच यावा. तुमच्या घरी उलट होत असेल, म्हणजे आजीचे सांगून संपण्याआधीच मुले "चला, चला" करत असतील, तर शेवट मुलांचा ठेवावा.

फोटो आणि मजकूर यांचे पटले पाहिजे

मजकुरात आजी "सावकाश" म्हणत आहेत आणि फोटोत मूल बाबांच्या मांडीवर स्टीअरिंग धरून बसले आहे, असे झाले तर वाचणारे फोटोवरच बोलतात, आणि ते बरोबरच असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची सुरक्षित बैठक नसताना गाडीत नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. गाडी उभी असताना काढलेला फोटो असला तरी पाहणाऱ्याला ते कळत नाही. आम्ही औक्षणाचा फोटो निवडला : आजींच्या हातात ताट, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, आणि मागच्या खिडकीतून बाहेर आलेली दोन डोकी.

नंबरप्लेट झाकण्याची पद्धत आपल्याकडे पूर्वापार तयारच आहे, ती म्हणजे झेंडूचा हार. तो बॉनेटवरून थोडा खाली सोडला की नंबर दिसत नाही आणि फोटोवर काळी पट्टी ओढण्याची वेळ येत नाही. हे केवळ हौसेपोटी नाही. गाडी घेतल्यावर नाव बदलून मिळेपर्यंत काही दिवस जातात आणि तोवर कागदोपत्री ती आधीच्या मालकाचीच असते. त्यांचा नंबर आपण सर्वांसमोर मांडणे बरे नव्हे. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची नोंद परिवहन कार्यालयाकडे करायची असते, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तेव्हा त्या दिवशी "घरी आली" असे लिहावे, "आमच्या नावावर झाली" असे लिहू नये. सोसायटीच्या फाटकावरचे नाव आणि मुलांच्या गणवेशावरचे शाळेचे चिन्ह फोटोत येत असेल, तर तेवढा भाग कापावा.

घरातल्या कोणाला दृष्ट लागण्याची भीती वाटत असेल, तर चाकांखालची लिंबे चिरडून गाडी पुढे सरकेपर्यंत फोटो टाकू नये. ज्यांचे शब्द आपण घेणार आहोत, त्यांचे एवढे तरी ऐकावे.

कोठे किती लिहावे

इन्स्टाग्रामवर मजकुरासाठी २२०० अक्षरांची मुभा असली तरी फोटोखाली आधी साधारण एक-दोन ओळीच दिसतात आणि बाकीचे उघडून वाचावे लागते. म्हणून पहिली ओळ एकटी उभी राहू शकली पाहिजे. "माहेर नेरुळ, सासर ठाणं" ती राहते. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फोटो चोवीस तासच असतो आणि लोक तो अंगठ्याने सरकवत पाहतात, त्यामुळे तेथे पहिली ओळ आणि धाकटीचा प्रश्न एवढेच ठेवले. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र पाचही ओळी गेल्या, कारण तेथे आजींचा आवाज ओळखणारी माणसे होती. एकाच वेळी दहा फोटो पाठवायचे असतील तर मजकूर पहिल्या फोटोला जोडावा. शेवटच्याला जोडला तर तो कोणी पाहत नाही.

पाठवण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तो आजींनाच दाखवावा. त्या "मी असं कुठं म्हणाले?" असे म्हणाल्या, तर ती ओळ चुकलेली आहे, मग ती कितीही सुंदर असो, बदलावी. आमच्या आजींनी ऐकले, "जावा" ऐकून हसल्या, आणि "येतो म्हणून निघा, हे आधी का नाही घातलं?" असे विचारले. जागा बदलली नाही, पण त्यांना विचारल्याचे समाधान वाटले.

टाकून झाल्यावर येणाऱ्या उत्तरांची तयारी ठेवावी. "अभिनंदन" लिहिणाऱ्यांना एकत्र एक नमस्कार पुरतो. त्यापुढे दोन प्रश्न ठरलेले असतात : "केवढ्याला पडली?" आणि "किती देते?" दुसऱ्याचे उत्तर आठवडाभर चालवल्याशिवाय कोणालाच माहीत नसते, तेव्हा तसेच सांगावे. पहिल्यावर बहिणीने लिहिले, "फोनवर सांगते, काका," आणि काकांनी पाचव्या मिनिटाला फोन केला.